हळदीची काढणीनंतरची प्रक्रिया

हळदीचे पीक शेतात चांगले आले, तरी कायलीवरील व खळ्यावरील चुकांमुळे माल उतरतो. यासाठी प्रत्येक क्रियेचे कारण शेतकऱ्याने समजून घेणे इष्ट आहे.

लागवड मे महिन्याच्या मध्यापासून जूनपर्यंत करावी. बेण्यासाठी निरोगी, भरीव व फुगीर डोळ्यांचे जेठे गड्डे निवडावेत. मऊ पडलेले किंवा किडलेले गड्डे टाकून द्यावेत. सुमारे आठ ते नऊ महिन्यांनी पाला वाळला की पीक काढणीस येते. काढणीनंतर बेणे प्रथम वेगळे करून सावलीत ठेवावे, कारण शिजविलेल्या गड्ड्यास पुन्हा कोंब फुटत नाही.

उरलेल्या मालातील गड्डे व हळकुंडे निरनिराळी करून शिजवावीत. गड्डा जाड असल्याने त्यास वेळ अधिक लागतो. दोन्ही एकत्र घातल्यास एक कच्चा राहतो किंवा दुसरा जादा शिजतो. काढणीनंतर दोन-तीन दिवसांत कायलीत स्वच्छ पाणी घालून, हळद बुडेल इतके ठेवून, एकसारखा जाळ द्यावा. फेस येऊन हळदीच्या वासाची पांढरी वाफ निघू लागली, की हळकुंड बाहेर काढून त्यात बोथट काडी टोचून पाहावी. काडी सहज आत गेली तर हळद शिजली असे समजावे. यास साधारणपणे पाऊण ते एक तास लागतो. तथापि घड्याळापेक्षा काडीवर भरवसा ठेवावा. वाफेच्या यंत्रात वेळ कमी लागतो, पण कसोटी हीच.

शिजविल्याने हळदीतील पिठूळ द्रव्य फुगून एकजीव होते, रंग आतपर्यंत सारखा पसरतो, कच्चा वास जातो आणि ती लवकर वाळते. कमी शिजलेली हळद वाळल्यावर ठिसूळ होते, तर जादा शिजलेलीचा रंग बिघडतो.

शिजलेली हळद स्वच्छ खळ्यावर दोन-तीन इंच जाडीने पसरावी. थर फार पातळ झाल्यास रंग फिका पडण्याचा संभव असतो. रात्री दव लागू नये म्हणून ती झाकावी. दहा ते पंधरा दिवसांत ती वाळते. वजनानेही हे पडताळता येते. समजा, 20 क्विंटल ओल्या हळदीपासून साधारण 4 ते 5 क्विंटल सुकी हळद मिळावयास हवी. आठ दिवसांनी माल 6 क्विंटल भरला, तर वरून कोरडा दिसला तरी त्यात पाणी आहे असे समजावे. असा माल पोत्यात भरल्यास बुरशी धरतो. पुरेसे वाळलेले हळकुंड मोडताना खणखणीत आवाज होतो.

शेवटी फिरत्या पिंपात घालून हळद घासावी. एकमेकांवर घासल्याने मुळ्या, खवले व माती निघून जातात आणि अंग गुळगुळीत होते. ओलसर माल पिंपात घालू नये. चकाकीसाठी शिशाचा पिवळा रंग कदापि लावू नये. तो विषारी आहे व अन्नात वापरण्यास कायद्याने बंदी आहे. रंग द्यावयाचाच झाल्यास हळदीचीच पूड वापरावी.