पोथी आणि गाव : वास्तुशांतीच्या एका अनुभवातून

घरगुती पूजा सांगण्याची विद्या माझ्या काकांकडून शिकायला लागलो, तेव्हा माझी समजूत अशी होती की मंत्र पाठ झाले म्हणजे पूजा आली. दोन वर्षे गणेशपूजन व सत्यनारायण यांत हात बसल्यावर काकांनी मला पहिल्यांदा वास्तुशांतीला जोडीदार म्हणून नेले, आणि ही समजूत किती अपुरी होती ते कळून आले. पोथी एका गावी छापली जाते आणि घर दुसऱ्या गावी असते. त्या दोहोंतील अंतर भरून काढणे हेच पुरोहिताचे खरे शिक्षण होय, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

संकल्पापासूनच पाहू. कोणत्याही पूजेच्या आरंभी यजमान कोठे व केव्हा हे कर्म करीत आहे याचा उच्चार करावा लागतो. त्याला देशकालोच्चार म्हणतात. पुण्याकडे छापलेल्या पुष्कळ पोथ्यांत गोदावरीच्या दक्षिण तीराचा उल्लेख असतो. पुण्याला तो बरोबरच आहे. परंतु आपला भंडारा जिल्हा गोदावरीच्या उत्तरेस आहे. आपली वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते व मग गोदावरीत जाते. तेव्हा येथे ‘उत्तरे तीरे’ असेच म्हटले पाहिजे. मी पाठ केलेले जसेच्या तसे म्हणत होतो. काकांनी मला मध्येच थांबवून विचारले, ‘‘तू आत्ता कोठे बसला आहेस?’’ त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला अर्धा मिनिट लागला.

दुसरी गोष्ट सूर्योदयाची. मुंबईपेक्षा भंडारा जवळजवळ पावणेसात रेखांश पूर्वेला आहे. एका रेखांशाला चार मिनिटे या हिशेबाने आपल्याकडे सूर्य सुमारे सत्तावीस मिनिटे आधी उगवतो. तिथी संपण्याची घड्याळी वेळ मात्र सगळीकडे एकच असते. समजा, एखादी तिथी सकाळी 6 वाजून 5 मिनिटांनी संपते. त्या दिवशी मुंबईचा सूर्योदय 6.20 ला असेल, तर तेथे सूर्योदयाला पुढची तिथी लागलेली असते. भंडाऱ्यात सूर्य 5.53 च्या सुमारास उगवल्यामुळे आधीचीच तिथी असते. लग्नाच्या वेळा (येथे लग्न म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणारी रास) आणि राहुकाळ हेही असेच अलीकडे सरकतात. म्हणून नागपूरच्या गणिताचे पंचांग वापरावे; ते नसेल तर एवढा फरक काढून मगच वेळ सांगावी.

आता प्रत्यक्ष प्रसंगाकडे वळतो. तुमसर तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाने नवे घर बांधले. धानाचे चुकारे हाती आले होते, आणि पेरणीपूर्वी प्रवेश करावयाचा होता. आपल्याकडे हा हंगाम सोयीचाच असतो. आषाढात चातुर्मास लागतो आणि त्याच सुमारास रोवणीही सुरू होते. मग मुहूर्तही नाही आणि माणसालाही सवड नाही. यजमानांनी निरोप धाडला : ‘वैशाख कृष्ण पंचमी ठरली आहे.’ काकांनी वहीत वैशाख वद्य पंचमी लिहून घेतली. सुदैवाने सामानाची यादी द्यायला म्हणून मी महिनाभराहूनही थोडे अधिक आधीच गेलो, तो घरी मांडव पडलेला! यजमान म्हणाले, ‘‘महाराज, तीन दिवसांनी तं पूजा हाय, यादी आत्ता देता?’’

घोटाळा असा झाला होता. त्यांचे सोयरे बालाघाटचे. तिकडील पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे त्यांचा वैशाख कृष्ण पक्ष हा आपला चैत्र वद्य पक्ष असतो. नाव एकच, पण अंतर एका महिन्याचे. शुद्ध पक्षाला मात्र दोन्हीकडे एकच महिना असतो. म्हणून काकांनी पंचांग पाहून दोघांनाही मान्य अशी वैशाख शुद्ध पक्षातील तिथी काढून दिली. तेव्हापासून आमच्या वहीत तिथीशेजारी इंग्रजी तारीख व वार लिहिल्याशिवाय कोणतेही काम घेतले जात नाही.

पुढचे गणित उलट्या दिशेने मांडले. पंचांगात मुंबईच्या गणिताने सिंह लग्न 12.25 ला लागत होते. ते आपल्याकडे बाराच्या सुमारास येते. म्हणून कलश घेऊन प्रवेश 12.10 ला ठरविला. त्यापूर्वी गणपतिपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन व नांदीश्राद्ध यांना सव्वा तास. वास्तुमंडलाची मांडणी व पूजा यांना एक तास. होमाला एक तास. बलिदान, पूर्णाहुती व निक्षेप यांना पाऊण तास. एकूण चार तास झाले. म्हणजे आठला आसनावर बसणे आणि साडेसातला मांडणी पूर्ण होणे आवश्यक होते. वास्तुमंडलाच्या 81 घरांत 45 देवतांची स्थापना करावयाची असते. ही घरे सकाळी आखायला घेतली की वेळ हटकून चुकतो, म्हणून ती आम्ही आदल्या रात्रीच आखून ठेवली.

पूर्वभेटीत चार गोष्टी विचाराव्या लागतात. गोत्र कोणते? (ठाऊक नसल्यास काश्यप म्हणण्याचा प्रघात आहे.) यजमानाचे वडील हयात आहेत काय? कारण नांदीश्राद्धातील नावे त्यावर अवलंबून असतात, आणि हा प्रश्न भर मांडवात विचारणे बरे दिसत नाही. आग्नेय कोपऱ्यातील फरशी बसली काय? वास्तुप्रतिमा तेथे पुरावयाची असते, तेव्हा गवंड्याला एक फरशी मोकळी ठेवावयास आधीच सांगावे. होम कोठे करणार? नव्या फरशीवर थेट अग्नी ठेवला की ती तडकते. खाली विटा मांडून त्यांवर चांगली जाड वाळू पसरावी. ग्रहांच्या समिधा आपल्या रानात बहुतेक मिळतात. चंद्रासाठी पळस, मंगळासाठी खैर, बुधासाठी आघाडा. मात्र ‘समिधा आणा’ एवढेच सांगितल्यास एकाच झाडाच्या काटक्यांची मोळी येते; म्हणून नावे लिहून द्यावीत.

राहिली दक्षिणा. हा विषय संकोचाचा मानला जातो, पण खरे भांडण संकोचातूनच उद्भवते. पूर्वी ग्रामजोशाचा वतनी हक्क असे. दुसऱ्याकडून विधी करविला तरी तो आपली दक्षिणा मागे. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी सत्यशोधक पद्धतीने, पुरोहिताशिवाय लग्न लावले, तेव्हा जोशांनी दावा केला. तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल पाटलांच्या बाजूने लागला. आज कोणालाही असा हक्क उरलेला नाही. दक्षिणा ही यजमान व पुरोहित यांच्यातील बोलीची गोष्ट आहे, म्हणून ती आधीच बोलावी. त्या घरी काकांनी स्पष्ट सांगितले : मुख्याला 2,101, जोडीदाराला 1,101, येण्याजाण्याचा खर्च वेगळा, सामान यजमानांचे. शिध्यात तांदूळ, डाळ, गूळ, तूप जे असेल ते. मंडलावरील तांदूळ व वस्त्र पुरोहिताचे, नारळ व फळे घरच्यांना प्रसाद. हे शेवटचे वाक्य वगळले तर निघताना पिशवीकडे लोकांची नजर जाते.

शेवटी मर्यादा. वेदमंत्रांचे स्वर पुस्तकातून येत नाहीत. ते गुरुमुखातूनच घ्यावे लागतात. ज्याला ते आले नाहीत त्याने पुराणोक्त प्रयोगच सांगावा आणि तसे यजमानाला कळवावे. मी अजून एकट्याने वास्तुशांती घेत नाही. परवा एका घरी मला एकट्याला बोलावणे आले, तेव्हा मी गणेशपूजन स्वीकारले आणि वास्तुशांतीसाठी काकांची तारीख दिली. काकांनी वही पाहिली. तिथीशेजारी तारीख व वार होता. ते काही बोलले नाहीत, फक्त माझे नाव जोडीदाराच्या रकान्यात लिहिले.