मे महिन्यात झुलणारं तापमान

प्रश्न : मी म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममध्ये एका इमारत-समूहाची हीटिंग यंत्रणा सांभाळतो. शहराच्या नळातून येणारं गरम पाणी आणि इमारतींतून परतलेलं गार पाणी मिक्सिंग व्हॉल्व्हमध्ये मिसळतं आणि पुढे जातं. तापमानाचा सेन्सर मात्र व्हॉल्व्हपासून सुमारे 60 मीटरवर, दुसऱ्या तळघरात आहे. जानेवारीत सगळं नीट चालतं. मे उजाडला की तापमान साधारण दर चार मिनिटांनी वर-खाली होत राहतं. सेन्सर बदलून पाहिला, व्हॉल्व्ह उघडून साफ केला, तरी फरक नाही. कंट्रोलरचा गेन 1.5 आणि इंटिग्रल टाइम 30 सेकंद आहे. एक जण म्हणतो गेन कमी करा, दुसरा म्हणतो स्मिथ प्रेडिक्टर लावा. कोणाचं ऐकू?

उत्तर : सेन्सर आणि व्हॉल्व्ह निर्दोष आहेत. दोघांच्या मधला पाइप हंटिंग घडवतो आहे, आणि तुम्ही दिलेल्या चार मिनिटांतच त्याचा पुरावा आहे.

मे महिन्यात मागणी घटते, पंप मंदावतो आणि पाणी समजा सेकंदाला 1 मीटर वेगाने जातं. मग व्हॉल्व्हपाशी मिसळलेलं पाणी सेन्सरपर्यंत पोहोचायला 60 सेकंद लागतात. त्या मिनिटात सेन्सरला काहीच कळत नाही. हाच डेड टाइम. जानेवारीत वेग दुप्पट असेल तर तो 30 सेकंदांवर येतो. पीआय कंट्रोलरचं लूप डेड टाइममुळे हंटिंग करू लागलं की एका झोक्याचा काळ बहुधा डेड टाइमच्या चौपट किंवा थोडा जास्त भरतो. चार मिनिटं भागिले चार म्हणजे एक मिनिट. व्हॉल्व्ह अडकत असता तर झोक्याचा काळ पाण्याच्या वेगाशी इतका जुळेलच असं नव्हतं.

आता त्या आंधळ्या मिनिटात कंट्रोलर काय करतो ते पाहू. समजा तुमचा व्हॉल्व्ह 1 टक्का उघडला की तापमान अर्ध्या अंशाने वाढतं, आणि बदल सेन्सरपाशी पोहोचल्यावर त्याचा 63 टक्के भाग दिसायला लागणारा वेळ, म्हणजे टाइम कॉन्स्टंट, 30 सेकंद आहे. तापमान सेटपॉइंटपेक्षा 4 अंशांनी कमी आहे. म्हणजे व्हॉल्व्ह 8 टक्के जास्त उघडायला हवा, बस्स. गेन 1.5 असल्याने कंट्रोलर पहिल्या क्षणी 6 टक्के उघडतो. ते बरंच आहे. पण सेन्सर अजून तीच 4 अंशांची तूट दाखवतो, म्हणून इंटिग्रल दर 30 सेकंदांना आणखी 6 टक्के घालत जातं. पहिली बातमी पोहोचेपर्यंत व्हॉल्व्ह 18 टक्के उघडलेला असतो. म्हणजे 4 ऐवजी 9 अंशांपर्यंत जास्त गरम पाणी पाइपमध्ये भरून निघालेलं असतं आणि ते परत बोलावता येत नाही. पुढे हीच चूक उलट्या दिशेने होते.

गेन 0.5 केला तर सुरुवातीला 2 टक्के आणि पुढच्या मिनिटात आणखी 4, असे 6 टक्के होतात. बातमी येते तेव्हा व्हॉल्व्ह योग्य जागेच्या थोडा अलीकडेच असतो आणि उरलेलं अंतर तो डोळे उघडे ठेवून कापतो. कमी गेनचा फायदा एवढाच आहे : खबर नसताना फार पुढे जायचं नाही. 0.5 हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. नॉर्वेचे सिगुर्ड स्कोगेस्टाड यांनी 2003 मध्ये मांडलेल्या ट्यूनिंगच्या नियमाप्रमाणे अशा लूपचा गेन असा निघतो :

```
Kc = T / (2 * K * L) = 30 / (2 * 0.5 * 60) = 0.5
```

इथे T टाइम कॉन्स्टंट, K प्रक्रियेचा गेन आणि L डेड टाइम. इंटिग्रल टाइम 30 सेकंदच ठेवायचा. तुमच्या 1.5 गेनवर डेड टाइम 63 सेकंदांच्या आसपास गेला की लूप कायमचं झुलायला लागतं, म्हणजे मे महिन्यात तुम्ही अगदी काठावर असता. 0.5 गेनवर हीच मर्यादा तीन मिनिटांच्या पुढे जाते.

आता दुसऱ्या सल्ल्याकडे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतले ऑटो स्मिथ यांनी ही युक्ती 1957 मध्ये मांडली. कंट्रोलरमध्ये प्रक्रियेचं एक गणिती मॉडेल ठेवायचं. त्यात डेड टाइम नसतो, म्हणून व्हॉल्व्ह हलताच तापमान कुठे जाणार हे ते लगेच सांगतं आणि कंट्रोलर त्या अंदाजावर चालतो. त्याच अंदाजाची 60 सेकंद उशिरा दिलेली प्रत खऱ्या सेन्सरशी ताडून पाहायची, आणि जो फरक दिसेल तेवढाच वर जोडायचा. तुमच्याच 1.5 गेनवर हे लावलं तर व्हॉल्व्ह आधी 6 टक्के उघडतो, मिनिटभराने साडेसातच्या आसपास असतो आणि हळूहळू 8 वर स्थिरावतो. 18 चा प्रश्नच येत नाही, कारण आपण काय पाठवून दिलं आहे ते कंट्रोलरला आठवत असतं. पहिलं मिनिट मात्र स्मिथही वाचवू शकत नाही. पाणी यायचं तेव्हाच येणार. शहराच्या नळातल्या पाण्याचं तापमान अचानक उतरलं तरी त्याची खबर मिनिटभर उशिराच मिळणार.

गोम मॉडेलमधल्या डेड टाइममध्ये आहे. आपण 60 सेकंद भरले आणि जूनमध्ये वेग निम्म्यावर येऊन खरा डेड टाइम 120 झाला, तर 1.5 गेन ते निभावून नेईल. पण संगणकावर सुंदर आलेख पाहून गेन 5 वर नेण्याचा मोह झाला, तर त्याच जूनमध्ये लूप पुन्हा झुलू लागेल. यावर उपाय म्हणजे डेड टाइम फ्लोमीटरवरून काढणं : पाइपमधलं पाणी भागिले प्रवाह. 200 मिलिमीटर व्यासाच्या 60 मीटर पाइपमध्ये जवळपास 1.9 घनमीटर पाणी मावतं. त्याहून चांगलं म्हणजे मॉडेलची उशिरा द्यायची प्रत सेकंदांनी पुढे न सरकवता, वाहून गेलेल्या लिटरांनी सरकवायची.

तुमच्या गावातच या डेड टाइमचं मोठं रूप आहे. उंटरश्लाइसहाइममध्ये 2003 पासून सुमारे 2 किलोमीटर खोल विहिरीतून जवळपास 80 अंशांचं पाणी उपसून शहर तापवलं जातं. सेकंदाला एक मीटर वेगाने 3 किलोमीटर जायला पाण्याला 50 मिनिटं लागतात. इतक्या डेड टाइमवर टोकाच्या घराचं तापमान मोजून उगमावरचा व्हॉल्व्ह हलवणं वेडेपणाचं ठरेल. म्हणूनच डिस्ट्रिक्ट हीटिंगमध्ये पाठवायच्या पाण्याचं तापमान बाहेरची थंडी पाहून हीटिंग कर्व्हवरून आधीच ठरवतात.

आधी एक चाचणी करा, आणि ती कमी प्रवाहाच्या दिवशीच. कंट्रोलर मॅन्युअलवर टाका, व्हॉल्व्ह 5 टक्के उघडा, घड्याळ लावा. सेन्सर पहिल्यांदा हलेपर्यंतचा वेळ हा डेड टाइम. तिथून एकूण बदलाचा 63 टक्के भाग होईपर्यंतचा वेळ हा टाइम कॉन्स्टंट. तापमान शेवटी किती अंश बदललं त्याला 5 ने भागलं की प्रक्रियेचा गेन. माझे आकडे मानलेले आहेत; हे तिन्ही तुमचे घालून वरचं सूत्र पुन्हा सोडवा.

माझा कौल असा : आजच गेन कमी करा. उन्हाळ्यात पुढची दुरुस्ती निघेल तेव्हा सेन्सर व्हॉल्व्हपासून पाच-सहा मीटरवर आणा. अगदी चिकटवू नका, कारण तिथे गरम आणि गार पाणी पुरतं मिसळलेलं नसतं. हे झालं की स्मिथ प्रेडिक्टरची गरजच उरणार नाही. त्याच्याने तुम्हाला फार तर मिनिट-दोन मिनिटं आधी तापमान मिळेल, आणि इमारतीतल्या कोणाला ते जाणवणारही नाही.