चौदा दोषांचा दिवस आणि चोवीस दोषांचा दिवस

‘डिप्लोमा करून मुलगा चाकणला क्वालिटीत लागला, पण दिवसभर नुसते दोष मोजतो.’ ही खंत पालकांकडून मी बऱ्याचदा ऐकतो. मोजणं ही या कामाची पहिली पायरी आहे. कुठल्या दिवशी मशीनपाशी धावायचं आणि कुठल्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही, हे ठरवता येणं ही त्यापुढची पायरी. तिथे पोचलेला मुलगा मोजणीत अडकून राहत नाही.

एक उदाहरण घेऊ. ॲल्युमिनियमचे ओतीव भाग बनवणारा कारखाना आहे. रोज २०० नग तपासायचे आणि ब्लोहोल, तडे, अपुरी भरलेली कड असे सगळे दोष मोजायचे. वीस दिवसांचे आकडे असे:

८, १४, ६, ९, १२, ५, १०, ८, १५, ९, ७, २४, १०, ८, ४, ११, ९, १३, ५, १३

बेरीज २००, म्हणून सरासरी रोजची १०. दोषांच्या अशा मोजणीसाठी सी-चार्ट वापरतात. त्याची रीत दहावीच्या गणितात बसते: सरासरीचं वर्गमूळ काढा, त्याची तिप्पट करा, ती सरासरीत मिळवा आणि सरासरीतून वजा करा. १० चं वर्गमूळ ३.१६, तिप्पट ९.४९. वरची मर्यादा १९.४९, खालची ०.५१. वजाबाकी ऋण आली तर खालची मर्यादा शून्य धरायची.

आता दुसरा दिवस पाहा. आदल्या दिवशी ८ दोष होते, आज १४. अशा वेळी सुपरवायझर चिडतो, ऑपरेटर प्रेशर बदलतो, आणि नीट चाललेली मशीन बिघडते. पण १४ मर्यादेच्या आत आहे. तेवढा चढउतार त्या प्रक्रियेत रोजचाच आहे, म्हणून त्या एका दिवसाचं वेगळं कारण शोधून हाती काही लागत नाही. बाराव्या दिवसाचे २४ मात्र मर्यादेबाहेर आहेत. त्या दिवशी कोणत्या शिफ्टला, कोणत्या डायवर, कोणता दोष वाढला हे त्याच दिवशी जाऊन विचारायचं. समजा, डायमधली हवा बाहेर जायची वाट बुजली होती आणि ती साफ केली. कारण सापडलं आणि दूर झालं, तरच तो दिवस हिशोबातून वगळायचा. उरलेल्या १९ दिवसांची सरासरी ९.२६ येते आणि मर्यादा १८.३९ व ०.१३ होतात. पुढच्या दिवसांसाठी याच कायम ठेवायच्या.

हे शीटमध्ये बसवायला अर्धा तास पुरतो. आकडे B2 पासून खाली भरा, E1 मध्ये 9.26 हा आकडा टाइप करा, आणि बाकीचं असं:

```
E2: =E1+3*SQRT(E1)
E3: =MAX(0,E1-3*SQRT(E1))
C2: =IF(B2="","",IF(OR(B2>$E$2,B2<$E$3),"तपासा",""))
```

C2 खालपर्यंत ओढा. बाराव्या दिवसासमोर ‘तपासा’ आपोआप उमटेल. B2 रिकामा आहे का, हे आधी पाहिलं नाही तर साप्ताहिक सुट्टीचा रिकामा रकाना शून्य धरला जातो आणि दर सुट्टीला खोटी सूचना येते. E1 मध्ये सरासरीचं सूत्र न ठेवता आकडा का टाइप केला? सूत्र ठेवलं तर प्रत्येक वाईट दिवस सरासरी वाढवतो, मर्यादा वर सरकते आणि बिघाड हळूहळू आत सामावला जातो. नवशिक्यांची ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे.

शून्य दोषांच्या दिवशीही इथे ‘तपासा’ येईल, कारण शून्य ०.१३ च्या खाली आहे. त्या दिवशी मिठाई वाटण्याआधी नग खरंच तपासले होते का, हे पाहावं लागतं. उलट सगळे ठिपके आत असूनही सलग आठ दिवस सरासरीच्या एकाच बाजूला राहिले, तर प्रक्रिया सरकली आहे असं मानतात. वरचं सूत्र हे पकडत नाही. त्यासाठी सुट्टीच्या रिकाम्या ओळी काढून टाका, नाहीतर आठ आकडे सलग येणार नाहीत, आणि नवव्या ओळीपासून आणखी एक रकाना लावा:

```
D9: =IF(OR(COUNTIF(B2:B9,">"&$E$1)=8,COUNTIF(B2:B9,"<"&$E$1)=8),"सरकली","")
```

एक दिवस २०० आणि दुसऱ्या दिवशी ३५० नग तपासले, तर सी-चार्ट चालत नाही. मग दर नगामागचे दोष काढून यू-चार्ट करावा लागतो, आणि त्यात रोजची मर्यादा वेगळी येते. शिवाय ‘रोज ५ च्या आत दोष हवेत’ हे साहेबांचं उद्दिष्ट म्हणजे नियंत्रण मर्यादा नव्हे. मर्यादा प्रक्रियेच्या स्वतःच्या आकड्यांतूनच निघते. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये पहिला असा तक्ता मांडला, तेव्हापासून हा भेद कायम आहे.

म्हणून मुलाने प्रशिक्षणाच्या काळातच असा एक तक्ता स्वतः चालवावा. त्यात ‘तपासा’च्या शेजारी आणखी एक रकाना ठेवावा: ‘काय सापडलं’. मुलाखतीत सूत्र तर सगळेच सांगतात. तो रकाना भरलेली शीट पुढे ठेवली, की बाराव्या दिवसाबद्दल विचारणारा माणूस चौदा दोषांच्या दिवशी काय केलंस, हेही विचारेल. ‘काहीच नाही’ हे उत्तर, कारणासह, मुलाला देता यायला हवं.