एक लांब पान की पाच वेगळी पानं? लहान वेबसाइटचा खर्च नेमका कुठे वाढतो

वेबसाइट करून देणाऱ्याकडे दर विचारला की त्याचा पहिला प्रश्न असतो, पानं किती? बरेच लहान व्यावसायिक ‘पाच’ म्हणून मोकळे होतात, कारण पॅकेजच पाच पानांचं असतं: होम, आमच्याविषयी, सेवा, फोटो आणि संपर्क. मग ‘आमच्याविषयी’मध्ये चार ओळी येतात, ‘संपर्क’मध्ये एक नंबर आणि नकाशा. पाच पानांचे पैसे जातात आणि मजकूर असतो दीड पानाचा.

एक उदाहरण घेऊन हिशेब करू. दापोलीजवळ एक कुटुंब चार खोल्यांचं होमस्टे चालवतं. घरची हापूसची कलमं आहेत, त्यामुळे मार्च अखेरीपासून मे अखेरपर्यंत पेट्याही विकल्या जातात. समजा त्यांच्यासमोर दोन दरपत्रकं आहेत: एका लांब पानाचे ८,००० रुपये आणि पाच पानांचे १४,०००, जादा पान हवं असेल तर प्रत्येकी १,५००. हे आकडे हिशेबापुरते धरले आहेत. गावागणिक आणि माणसागणिक ते बदलतात, पण हिशेबाची रीत तीच राहते.

डोमेन आणि होस्टिंगचा वार्षिक खर्च पानांच्या संख्येवर ठरत नाही. एक पान असो वा दहा, नाव एकच आणि जागाही जवळपास तेवढीच लागते. दोन्ही मिळून वर्षाला ३,९०० धरले, तर तीन वर्षांचे ११,७०० झाले. म्हणजे एका पानाची साइट तीन वर्षांत १९,७०० ला पडते आणि पाच पानांची २५,७०० ला. करून देणारा जीएसटीत नोंदलेला असेल तर त्याच्या बिलावर १८ टक्के वेगळे. पहिल्या वर्षाची सवलत पाहून हुरळून जाऊ नका, नूतनीकरणाचा दर विचारा. तो बहुधा जास्त असतो आणि पुढे दरवर्षी तोच भरायचा असतो.

हा ६,००० चा फरक कशासाठी द्यायचा, हे ठरवायला माझ्या मते एकच प्रश्न पुरतो: तुमच्याकडे येणारं गिऱ्हाईक एकाच कामासाठी येतं की वेगवेगळ्या? खोली शोधणाऱ्याला फोटो, दर, जेवण, समुद्र किती लांब, गाडी कुठे लावायची, फोन नंबर हे सगळं हवं असतं आणि साधारण याच क्रमाने हवं असतं. त्याला मोबाइलवर अंगठ्याने खाली सरकत जाणं सोयीचं पडतं. ही माहिती पाच पानांत विभागली तर प्रत्येक वेळी मेनू उघडा, पान उघडण्याची वाट पाहा, परत या. कोकणात रेंज अधूनमधून जाते, तिथे प्रत्येक जादा क्लिकला गिऱ्हाईक गळण्याची भीती असते. म्हणून होमस्टेचा सगळा भाग एकाच लांब पानावर ठेवा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

आंब्याची गोष्ट वेगळी आहे. पेटी मागवणारा पुण्यात किंवा ठाण्यात बसलेला असतो, त्याला खोल्यांशी कर्तव्य नसतं. पेटी किती डझनाची, फळ केवढं, आढीत पिकवलेलं की कच्चं, पोचायला किती दिवस, फळ खराब निघालं तर काय, हे त्याचे प्रश्न. ही माहिती त्याच लांब पानावर, खोल्यांच्या खाली टाकली तर काय होतं, ते पत्त्यांच्या या दोन रूपांवरून कळेल:

```
/#hapus
/hapus
```

पहिला पत्ता लांब पानातल्या हापूसच्या भागावर नेतो, दुसरा हापूसच्या स्वतंत्र पानावर. दिसायला फरक एका चिन्हाचा आहे. पण ब्राउझर `#` नंतरचा भाग सर्व्हरकडे पाठवतच नाही, आणि गूगलही साधारणपणे तो भाग वगळून खोल्या आणि हापूस मिळून एकच पान समजतं. पानाला शीर्षक एकच असतं. ते ‘दापोली होमस्टे’ ठेवलं तर ‘हापूस घरपोच’ शोधणाऱ्यासमोर येण्याची शक्यता कमी होते. दोन्ही कोंबलं तर कशालाच नीट न्याय मिळत नाही.

व्हॉट्सॲपवर हा तोटा डोळ्यांना दिसतो. लिंक पाठवली की तिच्या वर छोटा फोटो आणि शीर्षक येतं. ते पानागणिक ठरलेलं असतं. `/#hapus` पाठवलं तरी फोटो येणार खोलीतल्या पलंगाचा. सोसायटीच्या ग्रुपवर आंब्याची लिंक आणि वर पलंग! आमच्याकडचे आंबे बहुतांशी याच ग्रुपांवर विकले जातात, तेव्हा एवढ्या एका कारणासाठीही वेगळ्या पानाचे १,५०० मी देईन. तर या कुटुंबासाठी उत्तर असं: एक लांब पान, अधिक हापूसचं एक. खर्च ९,५०० आणि तीन वर्षांचा २१,२००. हंगाम संपला की ते पान काढून टाकू नये. ‘पुढची नोंदणी फेब्रुवारीत’ एवढी ओळ घालून तसंच राहू द्यावं, म्हणजे जुन्या लिंका चालू राहतात.

लांब पान घ्यायचं ठरलं की जपायचं ते फोटोंना. मोबाइलने काढलेला फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो. तसे वीस फोटो एका पानावर म्हणजे साठ-ऐंशी एमबी, आणि पान उघडेपर्यंत माणूस निघून गेलेला. प्रत्येक फोटो दोनशे केबीच्या आत आणायला सांगा, आणि खालचे फोटो तिथवर सरकल्यावरच उतरावेत अशी सोय मागा. त्यात एक खोच आहे. फोटोची लांबी-रुंदी आधी लिहून ठेवली नसेल तर फोटो उतरताना मजकूर खाली ढकलला जातो आणि मेनूतून ‘जेवण’ दाबलं तर आपण ‘दर’पाशीच थांबतो. पैसे चुकते करण्याआधी वायफाय बंद करून, साध्या फोनवर मेनूतला प्रत्येक शब्द दाबून पाहा. मग घराबाहेरच्या कुणाला तरी फोन देऊन म्हणा, चेक-इन किती वाजता ते शोध. त्याला अर्धं मिनिट लागलं तर पान जास्त लांब झालंय किंवा क्रम चुकलाय.

ऑनलाइन पैसे घ्यायचे असतील तर हिशेब थोडा बदलतो. पेमेंट गेटवे देणाऱ्या कंपन्या खातं सुरू करण्याआधी साइटवर अटी, गोपनीयता, पैसे परत करण्याचे नियम वगैरे पानं आहेत का ते पाहतात. ही पानं साधी, नुसत्या मजकुराची असतात. त्यांना प्रत्येकी १,५०० मोजू नका, एकत्र दर ठरवा. बुकिंग फोनवर आणि पैसे यूपीआयने असतील तर गेटवेचा प्रश्नच येत नाही. मराठीबरोबर इंग्रजी हवं असेल तर मात्र प्रत्येक भाषेचं पान वेगळं ठेवा. एकाच पानावर दोन्ही भाषा एकाखाली एक ठेवल्या तर वाचणाऱ्याला निम्मं पान ओलांडत बसावं लागतं.

आधी एकच पान करून पुढे फोडायचा विचार असेल तर एक अडचण आत्ताच माहीत असू द्या. `#` असलेल्या जुन्या लिंका सर्व्हरवरून नव्या पानाकडे वळवता येत नाहीत, कारण तो भाग तिथे पोचतच नाही. त्यासाठी पानातच छोटी स्क्रिप्ट टाकावी लागते. दरपत्रकातच ‘पुढे पान वेगळं केल्यास जुन्या लिंका वळवून देणे’ हे काम आणि त्याचा दर लिहून घ्या. त्याच कागदावर डोमेन तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर नोंदवलं जाईल, हेही लिहून घ्या.