सीबीसीचा अहवाल वाचताना : डेंग्यूच्या रुग्णातील हिमॅटोक्रिट आणि प्लेटलेट

आमच्या परिचारिका विद्यालयात सीबीसी, म्हणजे संपूर्ण रक्तगणना, हा विषय शिकविताना आम्ही सर्व आकड्यांची सामान्य मर्यादा पाठ करून घेण्यापासून सुरुवात करीत नाही. ती मर्यादा अहवालावरच छापलेली असते. विद्यार्थिनींनी शिकावयाचे असते ते हे, की आकडा बदलला म्हणजे रुग्णाच्या शरीरात काय घडत आहे आणि त्यानुसार खाटेजवळ काय करावयाचे आहे. यासाठी डेंग्यूसारखे दुसरे उदाहरण नाही. पावसाळ्यात व त्यानंतर वॉर्ड या रुग्णांनी भरलेले असतात. प्रत्येक नातेवाईक एकच प्रश्न विचारतो : ‘प्लेटलेट किती झाल्या?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु रुग्णाचा जीव पुष्कळदा दुसऱ्याच आकड्यावर अवलंबून असतो. तो आकडा कोणता, हे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांच्या कुटुंबीयांनाही कळावे म्हणून हा पाठ या अहवालात देत आहोत.

अहवालातील चार आकडे

डेंग्यूच्या रुग्णाच्या अहवालात आम्ही विद्यार्थिनींना चारच आकडे प्रथम पाहण्यास सांगतो. हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट, पांढऱ्या पेशींची संख्या आणि प्लेटलेटची संख्या.

यांपैकी हिमॅटोक्रिट हा शब्द अपरिचित असेल. अहवालावर तो HCT किंवा PCV असा छापलेला असतो. रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेला भाग किती टक्के आहे, हे तो सांगतो. उरलेला बहुतेक भाग रक्तद्रवाचा असतो. प्रौढ पुरुषात हिमॅटोक्रिट साधारणतः ४० ते ५० आणि स्त्रियांत ३६ ते ४६ असतो.

डेंग्यूच्या गंभीर अवस्थेत सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात. रक्तातील द्रव बाहेर पडून पोटात व फुफ्फुसांभोवतीच्या पोकळीत साठतो, पेशी मात्र आतच राहतात. चुलीवर आमटी आटली म्हणजे ती घट्ट होते. डाळ वाढलेली नसते, पाणी कमी झालेले असते. तसेच येथे घडते. हिमॅटोक्रिट वाढला म्हणजे रक्त वाढले नाही, तर वाहिन्यांतील द्रव कमी झाला, असा त्याचा अर्थ. ही गळती वाढत गेली तर रक्तदाब कोसळतो. डेंग्यूमुळे होणाऱ्या मृत्यूंचे हे एक मुख्य कारण आहे, आणि वेळीच ओळखल्यास ते टाळता येते.

एका रुग्णाचा तक्ता

वर्गात आम्ही पुढील तक्ता फळ्यावर मांडतो. रुग्ण २७ वर्षांचा पुरुष, वजन ६० किलो.

| वेळ | हिमोग्लोबिन | हिमॅटोक्रिट | पांढऱ्या पेशी | प्लेटलेट |
|---|---|---|---|---|
| तापाचा ३ रा दिवस | १३.४ | ४० | ३,४०० | १,२४,००० |
| ५ वा दिवस, सकाळी ६ | १६.२ | ४८ | २,६०० | ४६,००० |
| ५ वा दिवस, दुपारी २ | १४.५ | ४३ | २,९०० | ३८,००० |
| ७ वा दिवस, सकाळी | १२.८ | ३८ | ४,८०० | ५२,००० |

पाचव्या दिवशी सकाळी रुग्णाचा ताप उतरलेला आहे. नातेवाईक समाधानी आहेत. त्यांना चिंता आहे ती ४६,००० या आकड्याची. विद्यार्थिनीला आम्ही विचारतो, ‘हिमॅटोक्रिट ४८ आहे. तो सामान्य की असामान्य?’ छापील मर्यादेत तो सामान्यच आहे. अहवालावर त्याच्यापुढे कोणतीही खूण नाही. परंतु तिसऱ्या दिवशी तो ४० होता. ८ ने वाढ झाली, म्हणजे मूळच्या आकड्याच्या २० टक्के. एवढी वाढ हे द्रवगळतीचे ठळक लक्षण मानले जाते. शिवाय ती नेमकी ताप उतरण्याच्या सुमारास झाली आहे. डेंग्यूतील धोक्याचे २४ ते ४८ तास बहुधा याच वेळी सुरू होतात.

अहवाल हातात ठेवून विद्यार्थिनीने आता रुग्णाकडे वळावयाचे. त्याचे हात थंड आहेत, नाडी ११२ आहे, रात्रीपासून लघवी झालेली नाही, पोट दुखते आणि दोन उलट्या झाल्या आहेत. रक्तदाब १०४/८६ आहे. वरचा आकडा पाहून कोणी निर्धास्त होईल. पण दोन्ही आकड्यांतील अंतर केवळ १८ आहे. हे अंतर २० किंवा त्याहून कमी झाले म्हणजे रुग्ण शॉकमध्ये गेला आहे असे समजावयाचे, मग तो शुद्धीवर असून बोलत का असेना. डॉक्टरांना तत्काळ बोलवावयाचे ते या वेळी, रक्तदाब कोसळल्यानंतर नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार अशा प्रौढ रुग्णास पहिल्या तासात दर किलो वजनामागे ५ ते १० मिलिलिटर सलाईन दिले जाते. या रुग्णास ३०० ते ६०० मिलिलिटर. त्यानंतर डॉक्टर रुग्णाची स्थिती पाहून वेग टप्प्याटप्प्याने कमी करतात. नाडी, रक्तदाब व हातापायांची ऊब वारंवार तपासणे, लघवी मोजून लिहिणे आणि सांगितलेल्या वेळी हिमॅटोक्रिट पुन्हा करून घेणे हे परिचारिकेचे काम. ६० किलोच्या रुग्णास तासाला निदान ३० मिलिलिटर लघवी व्हावी, असा आमचा हिशेब असतो.

दुपारी दोनचा अहवाल आम्ही मुद्दाम फळ्यावर ठेवतो. नाडी ९२ वर आली आहे, रक्तदाब ११२/७६ आहे, लघवी होऊ लागली आहे, हिमॅटोक्रिट ४३ झाला आहे. रुग्ण निश्चितपणे सुधारत आहे. आणि प्लेटलेट? त्या ४६,००० वरून ३८,००० वर उतरल्या आहेत. केवळ प्लेटलेट पाहणाऱ्यास सकाळपेक्षा दुपारी रुग्ण अधिक आजारी वाटला असता.

उतरलेल्या आकड्याचे दोन अर्थ

सातव्या दिवशी हिमॅटोक्रिट ३८ आहे, म्हणजे मूळच्या आकड्याहूनही कमी. रुग्णास भूक लागली आहे, हात उबदार आहेत, भरपूर लघवी होत आहे. याचा अर्थ बाहेर गेलेला द्रव रक्तात परत येत आहे. आता सलाईन थांबवावयाचे असते. ‘अशक्तपणा आहे, आणखी एक बाटली लावा’ असा आग्रह होतो. पण या वेळी दिलेले जादा पाणी फुफ्फुसांत साचून रुग्णास धाप लागू शकते.

परंतु हाच ३८ चा आकडा, नाडी १२४, हात थंड आणि शौचास काळे, अशा रुग्णात दिसला तर? तेथे रक्त आत कोठेतरी वाहत आहे, आणि त्यास सलाईनपेक्षा रक्ताची गरज आहे. आकडा एकच, उपचार मात्र परस्परविरुद्ध. निर्णय डॉक्टरांचा असतो; पण नाडी, हातांचा स्पर्श व शौचाचा रंग यांची नोंद परिचारिकेने केलेली नसेल, तर तो निर्णय कशाच्या आधारे व्हावयाचा?

आणखी एक सावधगिरी. मुळातच रक्त कमी असलेल्या स्त्रिया आमच्याकडे पुष्कळ येतात. जिचा हिमॅटोक्रिट २७ होता आणि ३३ झाला, तिचा अहवाल अजूनही ‘कमी’ अशीच खूण दाखवील. प्रत्यक्षात वाढ २२ टक्के आहे. म्हणून पहिल्या दिवसाचा अहवाल फेकून देऊ नये. तो केसपेपरला जोडावा.

प्लेटलेटविषयी

दीड लाख ते साडेचार लाख ही प्लेटलेटची सामान्य संख्या होय. डेंग्यूत ती उतरते आणि बहुतेक रुग्णांत आजार सरताना आपोआप वाढते. रक्तस्राव नसताना केवळ आकडा पाहून प्लेटलेट चढविल्याने लाभ होतो का, याची चाचणी सिंगापूर व मलेशियातील रुग्णालयांत झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. २०,००० किंवा त्याहून कमी प्लेटलेट असलेल्या प्रौढांतही त्यामुळे रक्तस्राव टळला नाही. उलट अंगावर पित्त उठणे यांसारखे त्रास अधिक दिसले. त्यामुळे डॉक्टर ‘आता प्लेटलेट नकोत’ म्हणतात, तेव्हा ते हयगय करीत नसतात.

प्लेटलेट कमी असताना परिचारिकेने करावयाची कामे साधी आहेत. स्नायूत इंजेक्शन देऊ नये. सुई काढल्यावर ती जागा अधिक वेळ दाबून धरावी. तापासाठी पॅरासिटामॉलच द्यावे; ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेनच्या गोळ्या नातेवाइकांनी बाहेरून आणल्या नाहीत ना, हे विचारावे. हिरड्या, लघवी व शौच यांत रक्त दिसते का, हे प्रत्येक पाळीत पाहून लिहावे.

अहवाल चुकतो केव्हा

आकडा खोटा असण्याचे कारण बहुधा यंत्रात नसून नमुना घेण्यात असते. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतल्यावर ती आठ ते दहा वेळा हळुवार उलटीसुलटी करावी लागते. ते राहिले तर नळीत गुठळी होते, प्लेटलेट तीत अडकतात आणि आकडा खोटाच कमी येतो. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेतले तर ते पातळ होते आणि सर्वच पेशी एकदम उतरलेल्या दिसतात. दंडाला पट्टा एका मिनिटाहून अधिक बांधून ठेवला तर हिमॅटोक्रिट खोटाच वाढू शकतो.

ताळा पाहण्याची एक सोपी रीत आम्ही शिकवितो. हिमोग्लोबिनची तिप्पट केली की साधारण हिमॅटोक्रिट येतो. वरील तक्त्यात १३.४ ची तिप्पट ४०.२ होते, हिमॅटोक्रिट ४० आहे, आकडे जुळतात. फार फरक पडला तर प्रयोगशाळेस विचारावे. अर्थात सलाईनने पातळ झालेल्या नमुन्यात दोन्ही आकडे सारखेच उतरतात, तेव्हा हा ताळा उपयोगी पडत नाही. तेथे रक्त कोणत्या हातातून घेतले हेच विचारावे लागते.

कुटुंबीयांस व देणगीदारांस

कुटुंबीयांना आमची विनंती अशी, की प्लेटलेटबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : ‘हिमॅटोक्रिट काल किती होता, आज किती आहे?’ तसेच रुग्णास लघवी केव्हा झाली, पोट दुखते का, उलटी झाली का, हे परिचारिकेस न विचारता सांगावे. ताप उतरला म्हणून त्याच दिवशी घरी नेण्याची घाई करू नये.

देणगीदारांना मोठी यंत्रे दिसतात. परंतु धोक्याच्या त्या ४८ तासांत हिमॅटोक्रिट दर चार ते सहा तासांनी, रात्रीसुद्धा, लागतो. त्यासाठी बोटातून काढलेले थेंबभर रक्त काचेच्या बारीक नळीत घेऊन एका लहान सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटे फिरविले तरी पुरते. विद्यार्थिनी ते करावयास शिकते, आकडा लिहिते, त्याच्या शेजारी मागचा आकडा लिहिते, आणि मग रुग्णाचा हात हातात घेऊन तो थंड आहे की उबदार, हे पाहते. आमचा पाठ तेथे पूर्ण होतो.