संबंधाच्या वेळी आवळून येतं? डायलेटरची कृती

संबंधाच्या वेळी योनीचं तोंड आपोआप आवळतं, भिंत लागल्यासारखं वाटतं, आग होते? याला व्हजायनिस्मस म्हणतात. तुम्ही हे मुद्दाम करत नाही, आणि हे बरं होतं. घाई न करता एकेक पायरी घेऊ या.

लागणारं साहित्य: लहानमोठ्या मापांच्या सिलिकॉन डायलेटरचा संच, पाण्यावर आधारित जेली, हातातला आरसा, आतून कडी लागणारी खोली.

१. आजपासून संबंधाचा प्रयत्न थांबवा. दुखत असताना रेटत राहिलं, तर शरीर पुढच्या वेळी आधीच आवळून घेतं. जवळीक मात्र चालू ठेवा.

२. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. जंतुसंसर्ग, योनीतला पडदा किंवा एन्डोमेट्रिऑसिस असेल तर आधी त्यावर उपचार लागतात. आत गेल्या गेल्या सांगा: "मला तपासणीची भीती वाटते. मी थांबा म्हटलं की थांबा." पहिल्या भेटीत आतली तपासणी झाली नाही तरी चालतं. जबरदस्तीने तपासू मात्र देऊ नका.

३. आरशात योनीचं तोंड बघून घ्या. बऱ्याच जणी मूत्रमार्गाच्या छिद्रालाच योनी समजतात. ते वर असतं, योनी त्याच्या खाली.

४. स्नायू सोडायला शिका. पाठीवर झोपा, गुडघे वाकवून बाजूला टेकवा, खाली उशा घ्या. लघवी अडवल्यासारखं आवळा, मग लघवी सुरू होताना जसं सैल होतं तसं सोडा. सोडताना श्वास सावकाश बाहेर. पोट किंवा जबडा ताठ असेल, तर खालचंही सुटत नाही.

५. करंगळीला जेली लावून टोक आत न्या. नखं कापलेली हवीत. दिशा सरळ वर नको, पाठीकडे, माकडहाडाच्या रोखाने. आवळलं तर बोट काढू नका. आहे तिथेच थांबा, चार-पाच श्वास घ्या. दुखू लागलं तर मात्र काढा.

६. बोट सहज गेलं की सगळ्यात लहान डायलेटर घ्या. रोज दहा-पंधरा मिनिटं, आत गेल्यावर नुसता राहू द्या. बधिर करणारी जेली स्वतःच्या मनाने वापरू नका. दुखणं झाकलं की इजा कळत नाही.

७. डायलेटर सौम्य साबणाने धुऊन वाळवून ठेवा.

८. सलग तीन-चार दिवस दुखलं नाही, तरच पुढचं माप घ्या. इथेच सगळ्यांची घाई होते. माझ्याकडे समुपदेशनाला येणारी एक सत्तावीस वर्षांची मुलगी दुसऱ्या मापावर पाच आठवडे अडकली होती. लग्नाला चौदा महिने झालेले, पाळी चुकली का म्हणून घरात दर महिन्याला चौकशी. सराव ती रात्री करायची, आणि पलीकडच्या खोलीत सासूबाई जाग्या असायच्या. वेळ बदलली, दुपारी गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर ती सरावाला बसू लागली. नवऱ्याने घरच्यांना सांगितलं, "मुलाचं आता विचारू नका." दोन आठवड्यांत ती पुढच्या मापावर गेली. सहा-आठ आठवडे तसूभरही हललं नाही, तर ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे आणि लैंगिक समुपदेशकाकडे जा, जोडीने.

९. नवऱ्याला सरावात घ्या. डायलेटर त्याने धरायचा, त्याच्या हातावर तुमचा हात. कुठवर जायचं हे तुम्ही ठरवायचं. त्याने आपणहून जोर लावला की मागची मेहनत पुसली जाते.

१०. त्याच्या मापाएवढा डायलेटर सहज जाऊ लागला, की संबंधाकडे वळा. तुम्ही वर बसा, आधी नुसतं टोक, हालचाल नाही. त्या दिवशी तेवढंच पुरे.

११. वय पस्तिशीपुढे असेल किंवा थांबणं अवघड वाटत असेल, तर गर्भधारणेची वेगळी वाट डॉक्टरांना विचारा. वीर्य कोरड्या, स्वच्छ कपात घ्यायचं, पातळ व्हायला वीस-तीस मिनिटं द्यायची, आणि बिनसुईच्या निर्जंतुक सिरिंजने तासाभरात सावकाश योनीत सोडायचं. पाळी तीस दिवसांनी येत असेल, तर बाराव्या, चौदाव्या आणि सोळाव्या दिवशी. थुंकी, साधी जेली, कंडोम यांतलं काहीही वीर्याला लागू देऊ नका; शुक्राणू मंदावतात किंवा मरतात. सिरिंज योनीतच ठेवायची. गर्भाशयात वीर्य सोडणं म्हणजे आययूआय, ते डॉक्टरांचं काम. सिरिंजने दिवस राहिले, तरी डायलेटरचा सराव पुढे चालू ठेवायचा का, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

१२. रक्त येत असेल, लघवीला आग होत असेल किंवा वासाचं पांढरं जात असेल, तर सराव थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.