बोट कोणाचं?

वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आमच्या आंजीत घरोघरी फोन आहेत, पण आमच्या घरी दिवसभर घरात राहणारा स्मार्टफोन एकच. नंबर माझ्या नावावर, वापर सगळ्यांचा. पोरांचा अभ्यास, सासूबाईंचे भजनाचे व्हिडिओ, कापसाचा भाव, सगळं त्याच्यावर. माझी ताई नागपूरला उपचार घेत होती. कशाचे, ते तिला घरी कळू द्यायचं नव्हतं, म्हणून तिची चॅट मी व्हॉट्सॲपच्या चॅट लॉकमध्ये ठेवली होती. एका संध्याकाळी जेवताना पुतण्या सगळ्यांसमोर म्हणाला, "काकू, मावशीले नागपूरले कोन्या डॉक्टरले दाखवलं वो?"

त्यानं काही चोरून केलं नव्हतं. बोट ठेवलं, कुलूप उघडलं. त्या फोनमध्ये त्याचंही बोट नोंदलेलं होतं. मागच्या वर्षी स्क्रीन उघडायला म्हणून मोठ्या दीरांनी ते नोंदवून दिलं होतं.

गोम इथंच आहे. व्हॉट्सॲप स्वतः तुमचं बोट ओळखत नाही. ते फोनला विचारतं, आणि फोन एवढंच सांगतो की नोंदलेल्या बोटांपैकी एक जुळलं. ते काकूचं की पुतण्याचं, हे सांगत नाही. बोट जुळलं नाही तर फोनचा पिन चालतो. आणि ज्याला पिन माहीत, तो सेटिंगमध्ये जाऊन स्वतःचं बोट केव्हाही टाकू शकतो. आमच्याकडे पिन सगळ्यांना पाठ, त्याला कारणही आहे. वेचणीच्या दिवसांत कपाशीच्या बोंडांनी बोटांची टोकं इतकी सोलवटतात की सेन्सर ती घेतच नाही. मग पिनच टाकावा लागतो, आणि तो ओट्यावरून ओरडून सांगितला जातो.

चेहऱ्याचं कुलूप तर आणखी कच्चं. स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा साधा पुढचा कॅमेरा चेहरा पाहतो; सारख्या चेहऱ्याच्या भावंडांना किंवा फोटोलाही तो फसू शकतो. म्हणून अशा कित्येक फोनवर चेहऱ्यानं स्क्रीन उघडते, पण ॲपच्या कुलपाला तो चालत नाही. आयफोनचा फेस आयडी वेगळा, तो चेहऱ्याची खोली मोजतो.

तेव्हा सामाईक फोनवर आधी फोनच्या सेटिंगमध्ये बोटांची यादी पाहा. तिथं नावाऐवजी 'फिंगरप्रिंट १, २, ३' असंच लिहिलेलं असतं. पुष्कळ फोनवर त्या यादीत असताना सेन्सरवर बोट ठेवलं की संबंधित ओळ उजळते. पण बोटं काढून टाकायची, तर घरात वाद. मी काढली नाहीत.

मी चॅट लॉकचा गुप्त कोड घातला. चॅट लॉक मे २०२३ मध्ये आलं, आणि फोनच्या पिनपेक्षा वेगळा असा हा कोड त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. चॅट दाबून धरून वरच्या तीन ठिपक्यांतून Lock chat निवडलं की ती 'लॉक्ड चॅट्स'मध्ये जाते. त्या फोल्डरच्या सेटिंगमध्ये Secret code ठरवायचा आणि Hide locked chats चालू करायचं. दुसरी पायरी राहिली, तर फोल्डर यादीत दिसतच राहतं आणि बोटानं उघडतं. दोन्ही केल्यावर फोल्डर दिसत नाही. शोधपट्टीत कोड लिहिला तरच समोर येतं. अक्षरं, अंक, इमोजी, काहीही चालतं. फक्त घरातला कोणी गंमत म्हणून शोधेल असा शब्द नको. हा कोड मात्र विसरू नका. विसरलात तर व्हॉट्सॲपच्या गोपनीयता सेटिंगमधून कुलूप काढता येतं, पण आतला मजकूर पुसला जाऊनच.

पूर्ण व्हॉट्सॲपला कुलूप मी लावलं नाही. सासूबाईंना त्यावरच भजनं येतात, आणि आख्ख्या ॲपला कुलूप दिसलं की 'काय लपवता?' हा प्रश्न आलाच. भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या बायकांच्या फोनवापरावर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फोनचं कुलूप, ॲपचं कुलूप आणि निवडक मजकूर पुसून टाकणं अशा युक्त्या नोंदल्या आहेत. वाचून वाटलं, ही आपलीच शेजारीण.

कुलपानं काय झाकलं जात नाही, तेही पाहून घ्या. लॉक केलेल्या चॅटचा संदेश आला तर सूचनेत नाव-मजकूर दिसत नाही. पण त्या माणसाचा कॉल आला की नाव झळकतं. कुलूप लावण्याआधी आलेले फोटो गॅलरीत तसेच राहतात. ताईचा रिपोर्ट आमच्या गॅलरीत सापडला, तो मी हातानं काढला आणि 'अलीकडे हटवलेले'मधूनही काढला. शिवाय कुलूप फक्त माझ्या फोनवर. ताईच्या फोनवर तीच चॅट उघडी होती, आणि तिचा फोन भाचा खेळायला घेतो. तिला फोन करून पायऱ्या सांगितल्या. कोड तिचा तिनंच ठरवला.